मजुराच्या डब्यात किती भाकरी, किती डाळ? २५ रुपयांत १,२५० कॅलरीच्या जेवणाचा हिशेब

पुसेगाव (ता. सेनगाव) : हळद काढणीचं काम सुरू झालं की सकाळी सातला घर सोडायचं, दुपारी बांधावर डबा उघडायचा आणि परत दिवस मावळेपर्यंत कुदळ. बऱ्याच डब्यांत दोन भाकरी, ठेचा आणि कांदा एवढंच असतं. पोट भरल्यासारखं वाटतं, पण तीन वाजता हात गळतात. मग चहा, मग तंबाखू, आणि काम कसंतरी ओढलं जातं. हा माणसाचा आळस नसतो, डब्यातली तूट असते. ही तूट नेमकी किती आणि ती कमी पैशात कशी भरायची, ते पाहू.

गरज किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या, जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३,४७० कॅलरी लागतात. बसून काम करणाऱ्याला २,११० पुरतात. आपल्याकडचा मजूर बहुतेक वेळा ६५ किलोचा नसतो. ५५ किलोचा धरला तर त्याच प्रमाणात त्याची गरज २,९०० च्या आसपास येते. दिवसाच्या जेवणातला मोठा वाटा, म्हणजे साधारण चाळीस टक्के, दुपारी मिळाला पाहिजे. तो होतो जवळपास १,२०० कॅलरी.

आता दोन भाकरींचा डबा मोजा. एका मध्यम भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागतं. दोन भाकरींच्या १६० ग्रॅम पिठातून सुमारे ५३५ कॅलरी मिळतात. ठेचा-कांद्यातून फारशी भर पडत नाही. म्हणजे गरजेच्या निम्माही डबा भरलेला नाही.

पूर्ण डबा असा

खालची सगळी मापं कच्च्या मालाची आहेत. शिजवल्यावर डाळीत पाणी वाढतं, म्हणून शिजलेलं माप फसवतं.

- ज्वारीच्या तीन भाकरी (२४० ग्रॅम पीठ) : ८०० कॅलरी, २४ ग्रॅम प्रथिने
- तुरीचं घट्ट वरण (५० ग्रॅम डाळ) : १६५ कॅलरी, ११ ग्रॅम प्रथिने
- शेंगदाण्याची चटणी (३० ग्रॅम दाणे) : १५५ कॅलरी, ७ ग्रॅम प्रथिने
- फोडणीला दोन चमचे तेल (१० ग्रॅम) : ९० कॅलरी
- गुळाचा खडा (१५ ग्रॅम) : ५० कॅलरी
- कांदा, लिंबाची फोड, असेल ती पालेभाजी

बेरीज साधारण १,२५० कॅलरी होते. त्यात कर्बोदके २०० ग्रॅमच्या वर, प्रथिने ४२ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ २७ ग्रॅमच्या आसपास. कर्बोदकं म्हणजे कामाचं इंधन, प्रथिनं म्हणजे झिजलेल्या अंगाची डागडुजी, आणि तेल-दाण्यातले स्निग्ध पदार्थ थोड्या जागेत जास्त ताकद देतात. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम प्रथिनांतून किंवा कर्बोदकांतून ४. म्हणूनच भाकरी पाच करण्यापेक्षा दोन चमचे तेल आणि मूठभर दाणे वाढवणं पोटाला सोपं पडतं.

खर्च

हिशेबापुरते दर धरू : ज्वारी दळणासह ४० रुपये किलो, तूरडाळ १२०, शेंगदाणे १३०, तेल १५०, गूळ ५०. मग पिठाचे साडेनऊ रुपये, डाळीचे सहा, दाण्यांचे चार, तेलाचा दीड, गुळाचे पाऊण रुपया आणि कांदा-मसाल्याचे तीन. एकूण २५ रुपयांच्या आत. ज्वारी, तूर घरची असेल किंवा रेशनचा गहू येत असेल तर हातचा खर्च आणखी कमी होतो. दर बदलला तर याच ग्रॅमने आपला हिशेब पुन्हा करावा.

डाळ का सोडू नये?

कुणी म्हणेल, तीन भाकरीतूनच २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात, मग डाळ कशाला? ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, त्यामुळे अंगाला त्यातलं सगळं वापरता येत नाही. तुरीत तोच घटक भरपूर असतो. भाकरी आणि वरण एकत्र खाल्लं की एकाची कमी दुसरा भरून काढतो. मात्र वरण पाणीदार केलं तर डब्यात डाळ नव्हे, पिवळं पाणी जातं. ओळखायची खूण सोपी आहे : भाकरीच्या तुकड्यावर वरण टिकलं पाहिजे, ओघळून जाता कामा नये. महागडा प्रोटीन पावडरचा डबा घेण्याची गरज नाही.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन घरोघरी असतं, पण सगळं मोंढ्यावर जातं. नऊ किलो ज्वारीला एक किलो सोयाबीन मिसळून दळलं तर तीन भाकरींमागे सहा ग्रॅम प्रथिनं वाढतात. सोयाबीन कच्चं दळू नये. त्यात पचन अडवणारे घटक असतात. अर्धा तास उकळून, कडक उन्हात वाळवून मगच गिरणीत न्यावं. सोयाबीनमध्ये तेल असल्याने पिठाला लवकर खवट वास येतो, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच दळावं.

कुठे बिघडतं?

उन्हाळ्यात पहाटे पाचला केलेलं वरण गरमच झाकलं तर दुपारपर्यंत आंबतं. थोडं निवू द्यावं, मग झाकण लावावं, डबा सावलीत ठेवावा. कडक उन्हाच्या दिवसांत वरणाऐवजी ५० ग्रॅम बेसनाचं घट्ट पिठलं न्यावं. प्रथिनं जवळपास तेवढीच मिळतात. शेंगदाणे काळपट किंवा बुरशीचे असतील तर निवडून फेकावेत, भाजल्याने त्यातलं विष जात नाही.

सगळं एका बैठकीत खाल्लं तर सुस्ती येते. दुपारी भाकरी-वरण खावं. गूळ आणि थोडे दाणे चारच्या सुट्टीला ठेवावेत. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट लागत नाही. तासभर थांबावं.

बायांचा डबा

शेतात निंदणी, वेचणी करणाऱ्या बाया बरोबरीनं राबतात, पण घरी सगळ्यांत शेवटी जेवतात आणि वरण आधी पुरुषांच्या डब्यात जातं. ४७ किलो वजनाच्या बाईला जड कामाच्या दिवशी सुमारे २,३०० कॅलरी लागतात. तिच्या डब्यातून एक भाकरी कमी केली तरी चालेल. डाळ, दाणे, तेल मात्र तेवढंच हवं. तेव्हा डबा ९५० ते १,००० कॅलरीचा होतो.

डबा पुरतोय हे कसं कळणार?

महिन्यातून एकदा एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन करावं. काम तेवढंच असताना दोन महिने सलग वजन घटत असेल तर आणखी अर्धी भाकरी आणि एक चमचा तेल वाढवावं. तरीही घटत राहिलं, खोकला किंवा ताप असला, तर दवाखान्यात दाखवावं. कारण ती फक्त डब्याची तूट नसेल. साखरेचा आजार असलेल्यांनी गूळ टाळावा, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर ५० ग्रॅम डाळ आणि ८० ग्रॅम पीठ मोजून घरातल्या वाटीवर खूण करून ठेवली, की रोज मोजायचं काम उरत नाही.