एकतिसाव्या दिवसाची आठवण

लर्निंग लायसन्स हातात पडलं की बरेच जण स्टिअरिंगच्या मागे लागतात आणि कॅलेंडरकडे पाहत नाहीत. खरं वेळापत्रक तिथूनच सुरू व्हायला हवं. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी त्याला ३० दिवस झाल्यावरच देता येते. समजा, परवाना ५ जानेवारीला मिळाला. चाचणीची दारं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडतात आणि जुलैच्या सुरुवातीला बंद होतात. मुदत संपली तर पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात.

म्हणून मोबाइलमध्ये पहिली आठवण लावायची ती ३० दिवस पूर्ण होतील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची: ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज आणि चाचणीची वेळ. गर्दीच्या आरटीओत हवी ती तारीख लगेच मिळेलच असं नाही. दुसरी आठवण मे महिन्याच्या सुरुवातीची असावी. नापास झाल्यास निदान सात दिवस थांबावं लागतं, आणि तेवढी जागा मुदतीत उरायला हवी.

नियमांचा सराव त्याआधीच, शिकाऊ परवान्याच्या संगणकीय परीक्षेसाठी सुरू झालेला असतो. तिथे निदान ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, मात्र पाठांतर उपयोगाचं नाही. चिन्हं आकारावरून लावून घ्यावीत: लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, गोल बहुतेक हुकूम देतो, निळा चौकोन माहिती देतो. उलटा त्रिकोण मात्र सावधगिरीचा नाही, तो ‘रस्ता द्या’ असं सांगतो. सर्वाधिक घोटाळा होतो तो निळ्या गोलात: एक तिरकी लाल पट्टी म्हणजे पार्किंग मनाई, दोन एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या म्हणजे क्षणभरही थांबायचं नाही. चुकलेले प्रश्न वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी आधी तेच सोडवावेत.

पुढच्या महिन्याभरात वही रस्त्यावर न्यावी. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाडीला आधी वाट, अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हे गाडी चालवताना शेजारी बसलेल्याने विचारत राहावं. (शेजारी परवानाधारक हवाच आणि गाडीवर लाल ‘एल’ही.) शेवटच्या आठवड्यात चढावर हँडब्रेक लावून थांबायचं आणि गाडी मागे न घसरता निघायचं, मग उलट गाडी घेऊन वळणं. दुचाकीवाल्यांनी आकडा आठ इतका हळू काढावा की पाय टेकवायचा मोह व्हावा, आणि तरी टेकवू नये.

वेळ मिळाल्यावर पावती छापून ठेवावी. चाचणीच्या आदल्या दिवशी गाडीचा विमा आणि पीयूसीच्या तारखा पाहाव्यात, कारण चाचणीला न्यायच्या गाडीचे कागद चालू असावे लागतात.