पिंग जातो, फाइल अडते

चाकणच्या एखाद्या कारखान्याने हिशेबाचा सर्व्हर ॲमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडवर हलवला, असं समजू. कार्यालयातल्या फायरवॉलपासून तिथपर्यंत साइट-टू-साइट व्हीपीएन जोडला. मार्ग नेहमीच्या इंटरनेटचाच, पण त्यावरून जाणारा मजकूर सांकेतिक केलेला. फायरवॉलवर जोडणी हिरवी दिसते, पिंगला उत्तर येतं, लॉगिनचं पानही उघडतं. मात्र वर्षभराचा अहवाल मागवला की पडदा जागीच थांबतो.

अशा वेळी पहिला संशय इंटरनेटच्या वेगावर जातो आणि कंपनी जास्त पैसे मोजून वेग वाढवून घेते. फरक काहीच पडत नाही, कारण दोष बहुतेकदा पॅकेटच्या आकारात असतो.

कार्यालयातल्या नेटवर्कवर एक पॅकेट साधारणपणे 1500 बाइटपर्यंत मोठं असतं. व्हीपीएन त्यावर स्वतःचं वेष्टन चढवतो. सांकेतिकरणाच्या पद्धतीनुसार त्यात पन्नासहून जास्त बाइट सहज जातात, आणि काठोकाठ भरलेलं पॅकेट मर्यादेबाहेर जातं. खरं तर वाटेतलं उपकरण ‘लहान करून पाठवा’ असा निरोप उलट धाडतं. पण सुरक्षेच्या नावाखाली अनेक ठिकाणी हे निरोपच अडवून ठेवलेले असतात. पाठवणाऱ्याला काही कळत नाही. तो तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

विंडोजचा साधा पिंग जेमतेम 32 बाइटचा असल्याने तो बिनबोभाट पार होतो. म्हणून तपासणी मोठ्या पिंगने करावी, तुकडे करायची परवानगी न देता:

```
ping -f -l 1472 10.20.1.15
```

इथे 1472 मध्ये शीर्षाचे 28 बाइट मिळवले की 1500 होतात. हा पिंग अडला आणि 1300 चा गेला, तर निदान झालंच. उपाय फायरवॉलवरच असतो: टीसीपीचा एमएसएस 1360 च्या आसपास बांधून टाकायचा. मग दोन्ही टोकं सुरुवातीलाच लहान पॅकेट ठरवून घेतात.

काम वाढलं की कंपन्या डायरेक्ट कनेक्टसारखी स्वतंत्र खासगी लाइन घेतात. ती इंटरनेटवरून जात नाही, त्यामुळे वेग स्थिर राहतो. व्हीपीएनचं वेष्टन नसल्याने 1500 बाइटचं पॅकेटही सुखाने जातं. मात्र खासगी असली तरी ही लाइन आपोआप सांकेतिक होत नाही. ती सोय वेगळी करावी लागते. जुना व्हीपीएन मग राखीव म्हणून ठेवतात, आणि तो शहाणपणाच आहे.

पण एमएसएस कधी बांधलाच नसेल, तर रस्ता खोदताना फायबर तुटेल त्या दिवशी वाहतूक व्हीपीएनवर वळेल आणि तोच अहवाल पुन्हा अडकेल. राखीव जोडणी हिरवी दिसते एवढ्यावर विसंबू नये. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुख्य लाइन मुद्दाम बंद करा आणि व्हीपीएनवरून सर्वांत मोठी फाइल उघडून पाहा.