पोटात बाळ असताना पंप सोडायचा का?

घरच्या घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटल्या की दम्याचा त्रास असलेल्या अनेक जणी पहिल्यांदा पंप बंद करतात. कुणी सांगावं लागत नाही. ‘स्टेरॉइड आहे, बाळाला नको’ हे आपोआपच ठरतं. वर घरचे म्हणतात, ‘सध्या त्रास नाही ना, मग कशाला?’ त्रास नसतो तो पंपामुळेच नसतो, पण हे लक्षात यायला काही आठवडे जातात.

एक काल्पनिक पण नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. सोनाली २७ वर्षांची. लहानपणापासून दमा. पुण्यात असताना सकाळ-संध्याकाळ ब्युडेसोनाइडचा पंप घ्यायची आणि रात्री नीट झोपायची. दिवस गेल्याचं कळताच तिने तो बंद केला. पहिले तीन महिने बरे गेले. पाचव्या महिन्यात जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, ‘पोट वाढतंय, असं होतंच.’

ते अर्धं खरं होतं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं, श्वास खोल होतो आणि निरोगी बाईलाही धाप लागल्यासारखं वाटतं. पण त्या धापेत खोकला नसतो, छातीत शिट्टी वाजत नाही आणि पहाटे तीनला उठून बसावं लागत नाही. सोनालीला हे तिन्ही होत होतं. शंका असेल तर पीक फ्लो मीटर उत्तर देतो. या स्वस्त प्लास्टिकच्या नळीत जोरात फुंकलं की आकडा दिसतो. गरोदरपणामुळे तो फारसा बदलत नाही. नेहमी ३८० येणाऱ्या बाईचा आकडा २८० वर आला, तर दोष पोटाला देता येत नाही, श्वासनलिका आवळल्या आहेत.

आता औषधाचं. ब्युडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम दोन वेळा म्हणजे दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. त्यातलं बरंचसं फुप्फुसात आणि घशात राहतं, रक्तात थोडंच उतरतं. पंप सोडला आणि मोठा अटॅक आला, तर प्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या घ्याव्या लागतात. ही दोन औषधं वेगळी, त्यामुळे वजनाची तुलना ढोबळच, पण शंभरपटीचा फरक विचार करायला लावणारा आहे. स्वीडनच्या जन्मनोंदणीत सुरुवातीच्या महिन्यांत ब्युडेसोनाइड घेतलेल्या आयांच्या दोन हजारांवर बाळांची नोंद १९९९ साली तपासली गेली. जन्मजात दोषांचं प्रमाण ३.८ टक्के होतं आणि एकूण बाळांमध्ये ३.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. श्वासनलिका चटकन मोकळी करणारा सालब्युटामॉलचा पंपही गरोदरपणात चालतो. गरज पडली तर गोळ्याही घ्याव्या लागतात. प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वार निष्क्रिय करते, बाळापर्यंत थोडाच पोहोचतो. घाबरायचंच असेल तर श्वास अडकण्याला घाबरावं, कारण बाळाचा सगळा प्राणवायू आईच्या रक्तातूनच येतो.

ढोबळ हिशेब असा, की गरोदरपणात एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, एक तृतीयांशांचा कमी होतो आणि उरलेल्यांचा तसाच राहतो. वाढणारा दमा बहुधा २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान वाढतो. आपल्याकडे नेमक्या याच काळात, सातव्या महिन्यात, मुलगी माहेरी जाते. डॉक्टर बदलतात, जुनी फाइल सासरीच राहते. सोनालीच्या माहेरी अंघोळीचं पाणी अजून लाकडाच्या बंबावर तापतं. डिसेंबरची थंडी आणि परसातला धूर तिसऱ्याच रात्री तिला भोवला.

रात्री अडीचला ती उठून बसली. अशा वेळी काय करायचं ते क्रमाने सांगतो. ताठ बसायचं, किंचित डावीकडे कलून. उताणं झोपायचं नाही, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. सालब्युटामॉलचा पंप हलवून स्पेसरला लावायचा, एक फवारा मारायचा आणि नळीतून चार-पाच वेळा सावकाश श्वास घ्यायचा. मगच दुसरा फवारा. असे ४ ते १० फवारे. एकदम सगळे मारले तर औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. आराम पडला नाही तर वीस मिनिटांनी पुन्हा, पण तोवर १०८ ला फोन झालेला असावा. गरोदर बाईने घरी बसून तिसऱ्या फेरीची वाट पाहू नये. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर पहिल्या फेरीसोबतच निघावं.

दवाखान्यात प्राणवायू मोजला जातो. बाळाचा विचार करून तो साधारण ९४-९५ टक्क्यांच्या वर ठेवतात. पण रक्ततपासणीतला एक आकडा नवख्या डॉक्टरलाही फसवतो. एरवी कार्बन डायऑक्साइड ४० च्या आसपास असणं सामान्य. गरोदर बाई मुळातच खोल श्वास घेते, म्हणून तिचा आकडा ३० च्या आसपास असतो. अटॅकमध्ये ती धापा टाकत असते, तेव्हा तो आणखी खाली हवा. अशा वेळी अहवालात ४० आला, तर तो सामान्य नाही. ती थकत चालली आहे, श्वास पुरेनासा झाला आहे, असा त्याचा अर्थ. सोनालीचा आकडा ३१ होता. वाफेतून सालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम, प्राणवायू आणि प्रेडनिसोलोन यांवर पहाटेपर्यंत ती बोलू लागली. पाच दिवसांनी गोळ्या बंद झाल्या, ब्युडेसोनाइड मात्र पुन्हा सुरू झालं.

प्रत्यक्ष प्रसूतीत दम्याचा अटॅक क्वचितच येतो. शरीर त्या वेळी स्वतःच भरपूर कॉर्टिसॉल तयार करतं. तरी पंप प्रसूतिगृहात सोबत हवा आणि नेहमीची मात्रा चुकवायची नाही. प्रसूतीआधी काही आठवडे रोज स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर कळांदरम्यान हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, कारण अशा बाईच्या ग्रंथी ऐन वेळी पुरेसं कॉर्टिसॉल बनवू शकत नाहीत. वेदनेसाठी एपिड्युरल आणि सिझेरियनसाठी मणक्यातली भूल जास्त बरी, कारण घशात नळी घातली की श्वासनलिका आवळू शकतात.

सगळ्यात महत्त्वाची वेळ बाळ बाहेर आल्यावरची. रक्तस्राव थांबेना, तर प्रसूतिगृहात कार्बोप्रोस्टचं इंजेक्शन तयार असतं. दम्याच्या बाईत ते श्वासनलिका घट्ट आवळू शकतं, म्हणून टाळायचं. ऑक्सिटोसिन आणि मिसोप्रोस्टॉल चालतात. रक्तदाबासाठी लॅबेटालॉलही तिच्यासाठी योग्य नाही, निफेडिपिन घेता येतं. वेदनाशामकाने पूर्वी दमा उसळला असेल, तर तेही आधीच सांगायचं, कारण टाक्यांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक सर्रास दिलं जातं. घाईत कुणी फाइल चाळत बसत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘दमा आहे, कार्बोप्रोस्ट नको’ असं लिहून घ्यावं आणि भरती होतानाच नर्सबाईंना दाखवावं.

बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-शोपांची धुरी दम्याच्या बाईसाठी नाहीच. शेक घ्यायचा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा. दूध पाजताना पंप चालतो. गरोदरपणात बदललेला दमा साधारण तीन महिन्यांत पूर्वीसारखा होतो. तेव्हा पुन्हा पीक फ्लो मोजून पंपाची मात्रा कमी करायची की तशीच ठेवायची, हे डॉक्टर ठरवतात.