उत्तरपत्रिकेवर नाव असावं का?

नववीच्या एका तुकडीत साठ मुलं बसली आहेत, अशी कल्पना करा. बाहेरून आलेल्या संशोधकांनी प्रश्नावली वाटली आहे. त्यात मध्येच एक प्रश्न येतो : गेल्या वर्षभरात तू मुद्दाम स्वतःला इजा करून घेतलीस का? नाव लिहायचं नाही असं सांगितल्यामुळे मुलं खरं लिहितात. संध्याकाळी गठ्ठा चाळताना एका कागदावर दिसतं, की या मुलाने गेल्याच आठवड्यात स्वतःला इजा केली आहे आणि त्याला जगावंसं वाटत नाही. हे मूल साठांपैकी कोणतं, ते आता कुणालाही सांगता येणार नाही.

अशी वेळ येऊ नये म्हणून संशोधकाला आधी नीतिसमितीकडे अर्ज करावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि डॉक्टरांबरोबर कायद्याची जाणकार व्यक्ती व एक सामान्य नागरिकही बसतो. शाळकरी मुलं आणि इतका नाजूक विषय असल्यावर अर्ज पूर्ण समितीच्या बैठकीतच चर्चेला यायला हवा.

पहिली शंका बहुधा सगळ्यांच्याच मनात असते : विचारल्यामुळे नको ते मुलांच्या डोक्यात शिरणार नाही का? हे न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत तपासलं गेलं आहे. २,३४२ विद्यार्थ्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला आत्महत्येविषयीचे प्रश्न विचारले, दुसऱ्याला विचारले नाहीत, आणि दोन दिवसांनी दोघांचीही मनःस्थिती मोजली. विचारलेल्या गटात त्रास वाढलेला आढळला नाही. आधीपासून नैराश्य असलेल्या मुलांतही आढळला नाही. २००५मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने शंका बरीचशी मिटते, पण तो निष्कर्ष गटाचा आहे. एखाद्या मुलीला त्या प्रश्नाने रडू कोसळलं, तर तिच्यासाठी काय करणार, याचं उत्तर अर्जातच द्यावं लागतं.

म्हणून आधी नावाचा पेच सोडवायला हवा. नाव घेतलं तर मुलं खोटं लिहितात. नाव नाही घेतलं, तर मदतीची गरज असलेलं मूल हातातून निसटतं. मला पटणारा मार्ग असा : उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक असावा. कोणता क्रमांक कुणाचा, याची यादी वेगळ्या कुलपात, एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. ठरावीक चार-पाच प्रश्नांची धोक्याची उत्तरं आली, तरच ती यादी उघडावी. आणि हे मुलांना प्रश्नावली हातात देण्याआधी सांगावं. ‘तुझी उत्तरं आम्ही शिक्षकांना किंवा घरी दाखवणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर आम्ही तुझ्याशी बोलू आणि गरज पडली तर तुला सांगून एका मोठ्या माणसाला कळवू.’ असं सांगितल्यावर काही मुलं हात आखडता घेतील आणि मिळालेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येईल. तो कमी आकडा मी पत्करेन. ‘कुणालाच काही कळणार नाही’ असं वचन तर कायद्यानेही देता येत नाही. उत्तरांतून लैंगिक अत्याचार उघड झाला, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आता संमतीकडे वळू. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली म्हणजे झालं, असं बऱ्याच शाळांना वाटतं. त्या परवानगीने फक्त शाळेचं दार उघडतं. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची लेखी संमती लागते आणि बारा वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचाही लेखी होकार लागतो. पालक ‘हो’ म्हणाले आणि मूल ‘नाही’ म्हणालं, तर मुलाचं ‘नाही’ मान्य करायचं. अडचण अशी, की वर्गात सर किंवा बाई उभ्या असताना नववीतलं मूल ‘नाही’ म्हणतच नाही. म्हणून शिक्षकांनी त्या तासाला वर्गाबाहेर असावं, आणि भाग न घेणाऱ्या मुलालाही तसाच दिसणारा कागद द्यावा, ज्यात वाचायला कोडी किंवा उतारा असेल. कोण लिहितंय आणि कोण नाही, हे शेजारच्या बाकाला कळता कामा नये.

याच कारणासाठी प्रश्नावलीची लांबीही तपासावी लागते. ‘हो’ लिहिणाऱ्याला पुढे तीन पानं आणि ‘नाही’ लिहिणाऱ्याला थेट शेवट, अशी रचना असेल तर सर्वांत उशिरा पेन खाली ठेवणाऱ्या मुलाचं गुपित वर्गभर होतं. ‘नाही’ म्हणणाऱ्यांनाही झोप, खेळ, अभ्यास यांवरचे तितकेच प्रश्न दिले की हे टळतं. इजा कशाने केली याची यादी छापणं मात्र पूर्ण टाळावं. ती माहिती कोणत्याही मुलाच्या हाती कागदावर पडायची गरज नसते.

घरी जाणाऱ्या पत्राबद्दल एक इशारा. विषय लपवून ‘आरोग्य सर्वेक्षण’ एवढंच लिहिणं ही फसवणूक आहे. मुलांना स्वतःला इजा करण्याबद्दल विचारलं जाईल, हे पत्रात स्पष्ट असलं पाहिजे. त्याचबरोबर हेही असावं, की पत्र वर्गातल्या सगळ्यांच्या घरी गेलं आहे. नाहीतर ‘आमच्याच मुलीचं नाव का?’ म्हणून घरी उलटतपासणी सुरू होते.

राहिला त्रास झाल्यास काय करायचं याचा आराखडा. ‘गरज भासल्यास समुपदेशकाकडे पाठवू’ एवढं एक वाक्य असलेला अर्ज समितीने परत करावा. पाठवणार कुणाकडे, किती वेळात, आणि त्या माणसाने लेखी होकार दिला आहे का? हिशेब करून पाहू. साठांच्या तुकडीत समजा तीन मुलांची उत्तरं काळजीची निघाली. प्रत्येकाशी निवांत बोलायला पाऊण तास धरला, तर सव्वादोन तास होतात. त्यात साठ कागद त्याच दिवशी वाचून होणं आलं. म्हणजे एका समुपदेशकाला एका दिवशी एकच तुकडी झेपते. दहा तुकड्या असतील तर दहा दिवस. एकाच सकाळी सहाशे मुलांकडून कागद भरून घेणाऱ्या अर्जात हा हिशेब झालेला नसतो. शनिवारी प्रश्नावली घ्यायची नाही, कारण मधे रविवार येतो. परीक्षेच्या आठवड्यातही नाही.

बोलल्यानंतर काय, हेही टप्प्यांनी लिहिलेलं असावं. जुनी, थांबलेली इजा असेल तर आठवड्याभरात पुन्हा भेट. सध्या चालू असेल, तर मुलाला विश्वासात घेऊन पालकांना कळवणं आणि जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ. जिवाचा विचार मनात असेल, तर विश्वासातलं मोठं माणूस येईपर्यंत मुलाला एकटं सोडायचं नाही. आणि मूल म्हणालं, की घरच्यांमुळेच हे होतंय, तर आधी पालकांना फोन करायचा नाही. बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आणि बालकल्याण समिती आहे. पोलीस पकडतील या भीतीने मुलं पुष्कळदा गप्प राहतात. त्यांना सांगावं, की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिला शिक्षा करायची नसते.

तुमच्या मुलाच्या दप्तरातून असं संमतीपत्र कधी आलं, तर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी शोधा : मुलाचं उत्तर काळजीचं निघालं तर त्याच दिवशी त्याच्याशी कोण बोलणार, आणि त्या व्यक्तीचा फोन नंबर. त्या नसतील तर सही न करता विचारा. आणि पत्र येवो न येवो, घरातल्या मुलाबद्दल काळजी वाटत असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि पलीकडे मराठीत बोलता येतं.