दुकान बंद होते तेव्हा ग्राहकाने काय लिहावे

‘येत्या ३१ मार्चनंतर दुकान कायमचे बंद होत आहे. इतक्या वर्षांच्या लोभाबद्दल आभारी आहोत.’ अशी पाटी लागली की बहुतेक ग्राहक हळहळतात आणि ‘फार वाईट वाटलं’ म्हणून निघून जातात. या निवेदनाला लेखी उत्तर देणारे थोडे असतात. नीट लिहिलेले उत्तर मात्र दुकानदाराला त्याच्याच कामाची एक माहीत नसलेली बाजू दाखवते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला माल दिलेला दिसतो. तो घरी पोचल्यावर पुढे काय झाले, हे फक्त ग्राहकाला ठाऊक असते. उत्तरात लिहायचे ते हेच.

मुंबईतील ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ हे याचे चांगले उदाहरण आहे. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात ते सुरू केले. पुढे ते फोर्टमध्ये गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले. पुस्तकांवर मिळणारी २० टक्के सवलत ही त्याची ओळख होती. पण ‘तुमच्याकडे सवलत मिळायची’ एवढेच कळवले, तर ते दुकानदाराला आधीच माहीत असते. त्या सवलतीमुळे कोणते पुस्तक घरात आले आणि ते कोणी वाचले, हे लिहिले की ते आभार त्या एका ग्राहकाचे होतात.

आता गल्लीतल्या किराणा दुकानाचे उदाहरण घेऊ. ‘तुमची सेवा उत्तम होती, माल दर्जेदार होता’ हे वाक्य शेजारच्या औषधांच्या दुकानालाही लागू पडते. दुकानाचे नाव बदलूनही मजकूर तसाच चालत असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही असे समजावे. त्याऐवजी असे लिहिता येते :

‘आदरणीय काका, नमस्कार. दुकान बंद होत असल्याची पाटी वाचली. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. दुकानातला मुलगा सामान घेऊन गेला आणि तिने दार उघडले नाही, तेव्हा तुम्ही आम्हाला फोन केलात. ती न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. आम्ही वेळेत पोचलो. त्यानंतर ती चार वर्षे आमच्यात होती, नातीचे लग्न तिने पाहिले. वडिलांची पेन्शन अडकली होती, त्या महिन्यांत तुम्ही वहीत लिहून घेत गेलात आणि एकदाही आठवण केली नाहीत. चकलीच्या भाजणीचे धान्य काकू मोजून द्यायच्या. ते प्रमाण आमच्या घरी आजही तेच आहे. तुम्हा दोघांचे आणि त्या मुलाचे मनापासून आभार.’

या पत्रात तीनच आठवणी आहेत आणि प्रत्येकीत दुकानाची कृती व तिचा घरातला परिणाम एकत्र आला आहे. दुकानदाराने फोन केला, हे त्याला आठवतही असेल. नातीच्या लग्नाशी त्या फोनचा संबंध त्याला या पत्रातूनच कळतो. सामान पोचवणाऱ्या मुलाचा वेगळा उल्लेखही महत्त्वाचा, कारण निरोपाच्या वेळी नोकरमाणसे सहसा राहून जातात. त्याचे नाव ठाऊक असेल तर ते जरूर लिहावे.

काही गोष्टी टाळाव्यात. ‘बंद का करता, मुलाला बसवा’ असा सल्ला नको, कारण तो विचार घरात आधीच होऊन गेलेला असतो. मॉल आणि घरपोच सेवांना दोष देणेही नको. त्यात पत्राचा विषय बदलतो. उधारीबद्दल लिहिताना स्वतःच्याच खात्याचे लिहावे, शेजाऱ्याच्या नव्हे. स्वतःची बाकी असेल, तर आधी ती चुकती करावी आणि मग आभार मानावेत. साल नक्की आठवत नसेल, तर घरात विचारावे किंवा ‘धाकट्याच्या दहावीच्या वर्षी’ असे लिहावे. चुकीच्या तपशिलाने खरी आठवणही शंकास्पद होते.

उत्तर शेवटच्या दिवसाच्या आधी पोचले पाहिजे. शटर एकदा कायमचे खाली गेले की दुकानदार गावी किंवा मुलांकडे निघून जातो आणि पत्ता राहत नाही. शेवटच्या दिवशी हिशेब आणि उरलेला माल यांची गडबड असते, म्हणून चार-सहा दिवस आधीची दुपार बरी. कागदावर हाताने लिहिलेले पत्र चांगले. ते घरच्यांना वाचून दाखवता येते आणि जपून ठेवता येते. आठ-दहा ओळी पुरतात. आठवण एकच असली तरी चालेल, ती त्याच दुकानाची असावी. ओळखीच्या दुकानावर अशी पाटी लागली असेल, तर ते पत्र याच आठवड्यात लिहून द्यावे.