महाशिवरात्रीला गंगा तलावाच्या वाटेवर गाडी चालवताना



महाशिवरात्र जवळ आली की मॉरिशसच्या कानाकोपऱ्यांतून कावडी निघतात. मी दरवर्षी आपल्या ज्येष्ठ सभासदांना व्हॅनने गंगा तलावावर नेतो. त्या वाटेवर माणसे अचानक गाडीपुढे का येतात, एवढेच इथे सांगतो; कारण त्यातले बरेचसे ‘अचानक’ नसते, थोडे आधी दिसते.

पहिले कारण म्हणजे सेवेचे मंडप. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि यात्रेकरूही बहुधा डाव्या कडेने पुढे चाललेले असतात. उजव्या बाजूला चहा-फराळाचा मंडप आला, कोणी हाक मारली, की रात्रभर चाललेली माणसे मागे न पाहता सरळ रस्ता ओलांडतात. एक ओलांडला की त्याच्या मागून पाच-दहा जण येतात. म्हणून उजवीकडे दिवे आणि मंडप दिसला की माणूस दिसण्याची वाट पाहू नये. तेव्हाच वेग कमी करावा.

किती कमी? ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तोवर सुमारे १७ मीटर गेलेले असतात. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी बारा-एक मीटर लागतात, म्हणजे एकूण जवळजवळ ३० मीटर. तोच वेग २० असेल तर सगळे मिळून ११-१२ मीटरांत गाडी थांबते, आणि १० असेल तर पाचेक मीटरांत. वयोमानाने पाय ब्रेकवर पोहोचायला थोडा उशीर होत असेल, तर अंतर आणखी वाढते. मंडपापाशी माणूस दहा-बारा मीटरांवरून पुढे येतो, म्हणून तिथे मी १० च्या वर जात नाही.

दुसरे कारण कावड. मोठी कावड चाकांवर ढकलत नेतात. वर विजेची तार आली की ती थांबते, सोबतची माणसे वर पाहत दोन्ही बाजूंना पसरतात आणि निम्मा रस्ता व्यापतात. २०२४ साली मार लोंग येथे कावड तारेला लागून आग लागली आणि सहा जणांचा जीव गेला; तेव्हापासून तारेखाली सगळ्यांचे लक्ष वरच असते, गाडीकडे नसते. अशा वेळी मागे अंतर ठेवून थांबावे. हॉर्न वाजवू नये. दचकलेला माणूस कोणत्या बाजूला सरेल ते सांगता येत नाही. स्वयंसेवकाने हात दाखवल्याशिवाय कावड ओलांडू नये.

तिसरे कारण पाऊस आणि धुके. तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, आणि फेब्रुवारी-मार्च हे पावसाचे दिवस. सर आली की कडेचे लोक आडोशाकडे धावतात, तेही रस्त्यावरूनच. धुक्यात मोठा दिवा लावला तर पांढरा पडदाच समोर येतो आणि पांढरे कपडे त्यात विरून जातात. दिवा खाली ठेवावा आणि काच आतून पुसलेली असावी.

आता वळवलेल्या वाहतुकीबद्दल. कोणता रस्ता कोणत्या वेळी बंद, हे पोलीस आधी जाहीर करतात आणि ते दरवर्षी तेच असेल असे नाही. निघण्याच्या दिवशी सकाळी ते पुन्हा पाहावे. फोनवरचा नकाशा काही तासांपुरता बंद केलेला रस्ता उघडाच दाखवू शकतो. अशा वेळी पोलिसाचा हात खरा. चुकून गर्दीच्या गल्लीत शिरलात तर गाडी मागे घेऊ नये. मागच्या काचेच्या खाली लहान मूल दिसत नाही. दिवे लावून थांबावे, कोणाला तरी खाली उतरवून मागे उभे करावे, मगच हलावे.

आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्यांना एक विनंती. परत भेटायची जागा ‘मूर्तीपाशी’ ठरवू नये. १०८ फुटी मंगल महादेवांपाशी प्रत्येक घराने तेच ठरवलेले असते, आणि त्यांना शोधत हळू जाणारी गाडीच तिथे गर्दी अडवते. बंद रस्त्याच्या बाहेरची, बसायला जागा असलेली खूण ठरवावी आणि नावासह ती कागदावर लिहून आजींच्या पिशवीत ठेवावी. गुडघे चालत असतील तर सरळ बसने जावे.

आणि अन्नदान करणाऱ्या सभासदांना हात जोडून सांगतो: मंडप यात्रेकरू चालतात त्याच कडेला लावा, रस्त्यापासून थोडा आत. पाण्याच्या बाटल्या चालत्या गाडीच्या खिडकीतून देऊ नका. जागा एकाच कडेला मिळाली आणि तीही उलट बाजूची असेल, तर दोन माणसे चमकदार जाकिटे घालून ओलांडायच्या जागी उभी करा. वाढप्यांइतकीच त्यांचीही सेवा मोलाची आहे. अशा दोन जागांसाठी यंदा नावे हवी आहेत. ज्यांना रात्री उभे राहता येईल त्यांनी मंदिराच्या कार्यालयात कळवावे.