पोकळ नळीत लहर का अडते?

जहाजावरच्या रडारमध्ये किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या मायक्रोवेव्ह लॅबमध्ये चौकोनी तोंडाची धातूची पोकळ नळी दिसते. तिला वेव्हगाइड म्हणतात. आत तार नाही, नुसती हवा. डब्ल्यूआर-९० या नेहमीच्या मापात आतली रुंदी २२.८६ मिलिमीटर आणि उंची १०.१६ मिलिमीटर असते. १० गिगाहर्ट्झची लहर हिच्यातून सुखाने जाते. ५ गिगाहर्ट्झची मात्र तोंडाशीच अडते. नळी तर आरपार मोकळी, मग अडवतं कोण?

बाजूच्या भिंती. धातूला लागून, त्याच्या पृष्ठभागाला समांतर असं विद्युतक्षेत्र टिकत नाही. धातूतले इलेक्ट्रॉन सरकतात आणि ते पुसून टाकतात. म्हणून उभं विद्युतक्षेत्र असलेल्या लहरीला डाव्या-उजव्या भिंतींपाशी शून्य व्हावंच लागतं, मध्यावर ती कितीही जोरात असो. दोन शून्यांमध्ये एकच फुगवटा, ही सर्वांत साधी मांडणी. अशा प्रत्येक मांडणीला मोड म्हणतात. हा टीई-१० मोड. उंचीच्या दिशेने त्यात काहीच बदलत नाही, त्यामुळे कटऑफच्या हिशेबात उंची येतच नाही.

ही लहर नळीत सरळ जात नाही. दोन्ही भिंतींवर आळीपाळीने आपटत ती तिरकी पुढे सरकते, असं समजून चालायला हरकत नाही. वारंवारता कमी केली की तरंगलांबी वाढते, आणि तोच फुगवटा तेवढ्याच रुंदीत बसवायला लहरीला आणखी आडवं व्हावं लागतं. तरंगलांबी रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ४५.७२ मिलिमीटर झाली, की ती या भिंतीवरून त्या भिंतीवर नुसती ये-जा करते. पुढे जाणं संपलं. प्रकाशाच्या वेगाला या लांबीने भागलं की ६.५६ गिगाहर्ट्झ येतात. हीच कटऑफ वारंवारता. याहून लांब लहरीसाठी कोणताही कोन उरत नाही.

तरी ५ गिगाहर्ट्झचं क्षेत्र तोंडाशी एकदम तुटत नाही. लांब नळीत दर सेंटिमीटरला ते आधीच्या साधारण ४१ टक्क्यांवर येतं; पाच सेंटिमीटरवर सुमारे पंच्याऐंशीवा भाग राहतो. नळीचा तुकडा अगदी आखूड असेल तर थोडं पलीकडे झिरपतंही. गंमत म्हणजे एवढं घटूनही नळी तापत नाही. ऊर्जा भिंतींत जिरत नाही, जवळजवळ सगळी उगमाकडे परतते. मीटरवर परावर्तन भरपूर आणि नळी थंड दिसली, की कटऑफचा संशय घ्यावा.

मग ६.६ गिगाहर्ट्झला ही नळी वापरावी का? सहसा नाही. कटऑफच्या जवळ लहर पुढे रांगते, भिंतींतला तोटा वाढतो आणि वेग वारंवारतेप्रमाणे झपाट्याने बदलतो, त्यामुळे रडारचा आखूड स्पंद पसरट होतो. वर १३.१ गिगाहर्ट्झपासून दोन फुगवट्यांचा मोडही चालू लागतो. दोघांचा वेग वेगळा, म्हणून सिग्नलची सरमिसळ होते. डब्ल्यूआर-९० प्रत्यक्षात ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झमध्येच वापरतात.